विसणाचं पाणी आणि नाकातली आग : जलनेतीचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्याकडे घशाच्या तक्रारींची रांग लागते. हे प्रकरण त्याच दिवसांतलं आहे. रुग्ण म्हणजे पन्नाशीच्या जवळ आलेल्या एक काकू. घरची कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर, आणि गरज पडली की दुसऱ्यांच्या थ्रेशरवरही जातात.

त्यांची तक्रार घशाची होती. सकाळी उठल्या की घसा खवखवायचा, खाकरून खाकरून पांढरा चिकट कफ निघायचा, मग चहा पोटात गेला की थोडं बरं वाटायचं. रात्री आडवं झालं की पुन्हा ठसका. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, काढा झाला. बाहेरच्या एका डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्सही दिला होता. गोळ्या चालू असेपर्यंत बरं आणि संपल्या की जसंच्या तसं, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांचा घसा बघायच्या आधी काही प्रश्न विचारायचे होते. ताप आला का? नाही. गिळताना दुखतं का? नाही, फक्त काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. आवाज बसला का, वजन उतरलं का, थुंकीत रक्त दिसलं का, मानेला गाठ लागते का? काहीच नाही. खर्रा खाता का? तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा हा प्रश्न आमच्या भागात बायकांनाही विचारावाच लागतो. काकू खात नव्हत्या. जेवल्यावर छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी? तेही नाही. मग नाकाचं विचारलं आणि तिथे धागा सापडला. थ्रेशरवर उभं राहिलं की शिंका सुरू, संध्याकाळी एक नाकपुडी बंद, पाठ टेकली की दुसरीही बंद.

टॉर्च लावून बघितलं तर टॉन्सिल सुजलेले नव्हते, पांढरे ठिपके नव्हते. घशाची मागची भिंत मात्र बारीक दाणे उठल्यासारखी खडबडीत झाली होती आणि वरून, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूने, कफाची एक ओघळ खाली उतरताना स्पष्ट दिसत होती. घसा बिचारा वरच्या घरातलं सांडपाणी झेलत होता. नाकातला धुरळा, त्याने सुजलेलं अस्तर, त्यातून पाझरणारा चिकट स्राव आणि तो रात्रभर मागून घशात उतरणं, हे सगळं नाकाचं दुखणं. गुळण्या कितीही केल्या तरी गुळणीचं पाणी तिथवर पोचत नाही. जलनेतीने, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घालून दुसरीतून काढण्याने, घशाला आराम पडतो असं म्हणतात, तो याच अर्थाने. नेतीचं पाणी घशाला लागतच नाही, लागूही नये. ते वरचा उगम धुतं.

मी नेतीचं नाव काढलं तशा काकू चिडल्याच.

“ते तं म्या करूनच राह्यली ना मॅडम! शिबिरात शिकवलं होतं. नाकात नुसती आग पडते अन् कानाले दडे बसते. आता नाई करत म्या.”

म्हणजे उपाय बरोबर निवडला होता आणि तरी तो लागू पडत नव्हता. अशा वेळी तोंडी सूचना देऊन काही उपयोग नसतो. माणूस घरी नेमकं काय करतो ते बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी गृहभेटीच्या फेरीत मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, “काकू, रोज जसं करत होत्या तसंच करून दाखवा. नाकात नका घालू, फक्त तयारी दाखवा.”

काकूंनी गॅसवर गंजात पाणी ठेवलं. चांगली उकळी येऊ दिली. गंज उतरवला आणि रांजणातलं गार पाणी गडव्याने काढून त्यात ओतलं. बोट घालून बघितलं, अजून थोडं ओतलं. मग मिठाच्या बरणीतून एक चिमूट टाकली, ढवळलं, आणि ते पाणी फळीवरच्या तांब्याच्या तोटीवाल्या लोट्यात भरलं.

मी विचारलं, रांजणातलं पाणी का घातलं? काकूंचं उत्तर सरळ होतं: “पानी तं म्या उकयलंच होतं. पण कढत पानी नाकात कसं टाकू? म्हून वतलं थोडं थंडं.”

आंघोळीच्या पाण्यात विसण घालायची सवय हाताला इतकी पक्की असते की नेतीच्या पाण्यातही तो आपोआप घालतो. पण विसण घातलं की उकळण्याचा सगळा खटाटोप वाया गेला. अर्धं पाणी उकळलेलं आणि अर्धं कच्चं, म्हणजे सगळंच पाणी कच्चं. आणि रांजणात तर घरातल्या सगळ्यांचे हात, गडवा, पेला बुडत असतात.

काकूंच्या सुनेने इथे बरोबर शंका काढली. तेच पाणी आम्ही रोज पितो, मग नाकाला का चालत नाही? पिण्याचं पाणी पोटात जातं आणि तिथे जठरातलं आम्ल त्याचा समाचार घेतं. नाकात असा पहारेकरी नाही. शिवाय नाकाच्या छतापाशी वासाच्या नसा एका चाळणीसारख्या पातळ हाडातून थेट मेंदूत जातात. कोमट गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा याच वाटेने मेंदूत शिरतो. तो पाण्याबरोबर गिळला तर काही होत नाही. नाकातून वर गेला तर मेंदूज्वरासारखा आजार होतो आणि त्यातून फार थोडे वाचतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 मध्ये दोन माणसं अशीच दगावली. दोघांनीही नेतीसाठी नळाचं न उकळलेलं पाणी वापरलं होतं. आपल्याकडे केरळात 2024 आणि 2025 मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे बरेच रुग्ण आढळले आहेत. हा आजार अतिशय विरळ आहे, त्यामुळे घाबरून नेती सोडायचं कारण नाही. पण या अमिबाला ऊबदार पाणी आवडतं आणि विदर्भात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. जो धोका तीन मिनिटांच्या उकळीने पूर्ण टळतो तो अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

मग सून म्हणाली, ग्रामपंचायत टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, ते पाणी शुद्धच असेल. टीसीएल पिण्याच्या पाण्यासाठी योग्यच आहे, पण नळाच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत आणि घरी साठवून ठेवल्यावर त्याचा जोर किती उरला हे सांगता येत नाही. तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो. मेणबत्तीच्या फिल्टरचं किंवा गावातल्या पाण्याच्या एटीएमवरून आणलेल्या आरओच्या कॅनचं पाणी प्यायला ठीक आहे, नाकासाठी तेही उकळूनच घ्यायचं. बोअरच्या पाण्याचंही तेच. जड पाणी उकळल्यावर तळाशी पांढरा थर बसतो. तो हलवू नये आणि वरचं निवळ पाणी घ्यावं.

पाण्याची पद्धत आम्ही त्यांच्या घरच्या वेळापत्रकात बसवली. काकू पहाटेच उठतात, तेव्हा उकळून थंड व्हायची वाट बघायला वेळ नसतो. म्हणून रात्रीचा स्वयंपाक झाला की अर्धा लिटर पाणी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्यायचं, त्यात मीठही तेव्हाच टाकायचं आणि खळखळ उकळी फुटल्यापासून तीन मिनिटं उकळायचं. आपल्या उंचीवर खरं तर एक मिनिट पुरतं. पण कडेला बुडबुडे दिसले की लोक त्यालाच उकळी म्हणतात, म्हणून मी तीन सांगते. मग झाकण लावून डबा तसाच ठेवायचा. सकाळी आंघोळीचं पाणी तापलं की ते परातीत ओतून त्यात बंद डबा थोडा वेळ ठेवायचा, पाणी झाकणापर्यंत चढणार नाही इतकंच. आतलं पाणी कोमट होतं आणि बाहेरचा एक थेंबही आत जात नाही. रात्रीच घाई असेल तर उलटं करायचं, म्हणजे परातीत गार पाणी घेऊन डबा निववायचा. बोट बुडवून बघायचं नाही. चार थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकायचे, गरमही लागले नाहीत आणि गारही लागले नाहीत की झालं. रात्रीचं पाणी सकाळी संपलं नाही तर फेकायचं; एक दिवसापेक्षा जुनं पाणी नाकात घालायचं नाही.

आता नाकातल्या आगीचं. काकूंना वाटत होतं की मीठ झोंबतं, म्हणून त्यांनी ते कमी कमी करत चिमटीवर आणलं होतं. खरा प्रकार उलट होता. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींत स्वतःचा खारटपणा असतो. बाहेरचं पाणी त्याहून अळणी असलं की ते पेशींत शिरतं, अस्तर फुगतं आणि कपाळापर्यंत सणक जाते. विहिरीत पोहताना नाकात पाणी गेलं की जी चुरचुर होते ती हीच. पाणी शरीराइतकंच खारट असेल तर नाकाला ते कळतसुद्धा नाही. त्यासाठी एक लिटरला नऊ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम.

घरात ग्रॅम कोण मोजणार? औषधाच्या बाटलीबरोबर येणारं पाच मिलीचं माप प्रत्येक घरात पडलेलं असतं. ते बारीक मिठाने सपाट भरलं की साधारण सहा ग्रॅम भरतं. म्हणून अर्ध्या लिटरला पाऊण माप आणि लिटरला दीड माप. चहाचे चमचे घराघरात वेगळे असतात, त्यांच्यावर विसंबू नये. खडे मीठ घेऊ नये. ते मापात सारखं बसत नाही आणि त्यात खर असते. आमच्या दुकानात आयोडीनच्या मिठाचाच पुडा मिळतो आणि बहुतेकांना तो चालतो. माप बरोबर असूनही चुरचुरत असेल तर खायच्या सोड्याची एक चिमूट टाकावी, पाणी मऊ होतं. चवीची खूण सोपी आहे: पाणी आसवांइतकं खारट लागलं पाहिजे. काकूंनी नव्या मापाचं पाणी चाखलं आणि म्हणाल्या, “बाप्पा, येवढं खारं? हे तं अजूनच जयन.” पण जळलं नाही.

करण्याची पद्धत आम्ही मोरीपाशी दोनदा घोकली. पाय थोडे फाकून कमरेत वाकायचं आणि आधी सरळ जमिनीकडे बघायचं. मग मान एका कुशीला वळवायची, म्हणजे एक नाकपुडी वर आणि एक खाली येते. कपाळ हनुवटीच्या बरोबरीला किंवा किंचित वर ठेवायचं. तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास चालू ठेवायचा, सगळी मेख यातच आहे. तोटी वरच्या नाकपुडीला अशी टेकवायची की कडेने गळणार नाही, पण खुपसायची नाही. मग लोटा हळूच उचलायचा. पाणी आपल्या वजनाने वरच्या नाकपुडीतून जातं, मागून वळतं आणि खालच्या नाकपुडीने बारीक धारेने पडतं. ओढायचं नाही, गिळायचं नाही आणि या वेळी बोलायचं तर मुळीच नाही. अर्धा लोटा एका बाजूने झाला की थांबायचं, नाक मोकळं करायचं आणि उरलेला दुसऱ्या बाजूने.

काकूंच्या घशात दोनदा पाणी उतरलं. हनुवटी वर गेली की असं होतं, आणि श्वास नाकाने घेतला तरी होतं. खारट लागलं की घाबरायचं नाही, थुंकून टाकायचं आणि हनुवटी छातीकडे घ्यायची. एक युक्ती उपयोगी पडते: पाणी चालू असताना घशातल्या घशात हळूच ‘ख्… ख्…’ असा आवाज काढायचा. त्याने टाळूचा मागचा मऊ पडदा वर उचलला जातो आणि घशाचं दार बंद होतं. एका बाजूने धारच पडत नसेल तर लोटा उंच करून जोर लावू नये. ती बाजू पूर्ण बंद आहे असं समजून थांबावं आणि वाफ घेऊन तासाभराने बघावं.

कानाला दडे बसत होते त्याचं कारण शेवटी सापडलं. पाणी झाल्यावर काकू शेंबूड शिंकरतात तशी एक नाकपुडी अंगठ्याने दाबून दुसरीतून जोरात फुंकर मारत. नाकात पाणी असताना असं केलं की ते मागच्या नळीतून कानाकडे ढकललं जातं. ही सवय मोडायला त्यांना वेळ लागला. नेतीनंतर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून, हलके हलके श्वास बाहेर सोडायचे. मग पुढे वाकून डोकं खाली लोंबकळत ठेवायचं, डावीकडे वळवायचं, उजवीकडे वळवायचं, की कोपऱ्यात अडकलेलं पाणी ठिबकतं. एवढं केलं नाही तर तासाभराने भाकरी थापताना नाकातून अचानक पाणी टपकतं, हे काकूंनी स्वतः सांगितलं. आणि नेती झाल्यावर लगेच आडवं पडायचं नाही.

लोटा मात्र मला सगळ्यात जास्त खटकला. बाहेरून चिंचेने घासून लख्ख केलेला, पण तोटीत टॉर्च टाकला तर आत हिरवट थर. मीठ तांब्याला खातं आणि कळंक धरतो, तो पाण्यात उतरून नाकाला लागतो. शिवाय तोटीच्या बाकात बोट जात नाही, कापड जात नाही, आणि काकू तो ओलाच फळीवर उभा ठेवत. काडीला कापूस गुंडाळून तोटीतून फिरवला तर बुळबुळीत साय निघाली. असल्या सायीत जंतू घर करून राहतात आणि नुसत्या खळबळण्याने ते जात नाहीत. पाणी कितीही उकळलेलं असलं तरी या तोटीतून नाकात जाणारं पाणी स्वच्छ नव्हतं. वरून आणखी एक गोष्ट कळली: तोच लोटा सुनेनेही सर्दीत वापरला होता आणि सहा वर्षांच्या नातवालाही एकदा हौसेने नेती करवली होती. लोटा टूथब्रशसारखा ज्याचा त्याचा असावा. एवढ्या लहान मुलाला घरच्या घरी नेती करवूच नये.

तालुक्याच्या बाजारातून त्यांच्या मुलाने स्टीलचा नेतीलोटा आणला, त्याची तोटी सरळ आणि आखूड आहे. धुण्याचा क्रम असा ठरला: वापरून झालं की लगेच साबण आणि बाटली धुवायचा बारीक ब्रश घेऊन आतून आणि तोटीतून घासायचं. फेस नळाच्या पाण्याने गेला तरी चालेल, पण शेवटचं खळबळणं उकळून गार केलेल्या पाण्याने, कारण तोटीत उरलेला थेंब उद्या नाकात जाणार असतो. म्हणून रोजच्या डब्याबरोबर एक पेलाभर बिनमिठाचं पाणीही उकळून ठेवायचं. झटकून लोटा स्वच्छ कापडावर पालथा घालायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. कोरडेपणा हा अर्धा बंदोबस्त आहे. आठवड्यातून एकदा आख्खा लोटा पाण्यात बुडवून पाच मिनिटं उकळायचा. प्लॅस्टिकचा असता तर चरे पडले किंवा रंग बदलला की तो फेकायला सांगितला असता. डब्याचं आतलं अंग आणि झाकणही याच हिशेबात येतं, हे लोक हमखास विसरतात.

पुढच्या आठवड्यात काकू केंद्रावर आल्या तेव्हा आग आणि दडे दोन्ही बंद झाले होते. सकाळचं खाकरणं कमी झालं होतं, पण थ्रेशरवर गेल्या दिवशी रात्री ठसका येतच होता. म्हणून वेळ बदलली. कामावरून आल्यावर हातपाय धुवायच्या वेळी नेती, म्हणजे धुरळा रात्रभर नाकात राहत नाही आणि झोपेपर्यंत पाणीही निथळून जातं. मळणीवर नाकातोंडाला दुपट्टा घट्ट बांधायचा हेही ठरलं. शिंका आणि रात्री नाक बंद होणं मात्र पूर्ण गेलं नाही. ती अॅलर्जी आहे आणि नेती ती बरी करत नाही, फक्त साचलेलं काढून टाकते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. तो नेतीच्या आधी मारला तर धुऊन जातो. म्हणून आधी नेती, नाक निथळल्यावर स्प्रे. या जोडीने काकूंच्या रात्री शांत जाऊ लागल्या. हंगाम संपल्यावर मी रोजची नेती थांबवायला सांगितली. नाकातला थोडा स्राव कामाचा असतो, तो बारा महिने धुवायची गरज नाही.

मधे एकदा त्यांनी स्वतःहून निरोप पाठवला की कान दुखतो आहे, आज करू का? नको म्हटलं. कान दुखत असेल, ताप असेल, नाकातून रक्त येत असेल, नुकतीच नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर नेती बंद. नेतीनंतर दहा-बारा दिवसांत जोराचं डोकं दुखणं, ताप, उलट्या, मान ताठणं असं काही झालं तर घरी थांबायचं नाही, दवाखान्यात जाऊन आधी ‘नाकात पाणी घेत होते’ हे सांगायचं, असंही मी त्यांच्या घरच्यांना बजावून ठेवलं आहे.

काकूंचं बघून शेजारचे एक काका लोटा घेऊनच आले. “मायाही घसा महिन्यापासून धरून आहे, मलेही शिकवा.” आवाज घोगरा, गालात खर्रा, नाक अगदी मोकळं, धुरळ्याचा त्रास नाही. त्यांना मी नेती शिकवली नाही. तोंड बघितलं, चिठ्ठी लिहिली आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला सांगितलं.